सांचोची सुभेदारी

अध्यक्ष महाराज आणि श्रोतेहो,

‘विनोदी कादंबरीतील उलटी उतरंड’ हा आजचा विषय मी एकाच कादंबरीच्या आधारे मांडणार आहे, आणि त्याआधी एक जुनी तक्रार नोंदवणार आहे. सर्व्हांतेसची ‘दोन किहोते’ ही कादंबरी म्हटली की लोकांना पवनचक्क्या आठवतात. तो प्रसंग १६०५ साली निघालेल्या पहिल्या भागातील आठव्या प्रकरणात येतो आणि चार परिच्छेदांत उरकतो. संक्षिप्त आवृत्त्या काढणारे तेवढा जपतात. १६१५ च्या दुसऱ्या भागावर मात्र त्यांची कात्री अशी सफाईने चालते की नायक दोन किहोतेचा सेवक सांचो पान्सा याची सुभेदारी एक तर नाहीशी होते, नाही तर अर्ध्या पानाचा चुटका होऊन उरते. (आपल्यापैकी जे हसले, त्यांनी ती संक्षिप्त आवृत्तीच वाचली असावी.)

एक ड्यूक आणि त्याची पत्नी करमणुकीसाठी सांचो या निरक्षर शेतकऱ्याला एका ‘बेटाचे’ सुभेदार करतात. ते बेट म्हणजे ड्यूकच्याच जहागिरीतले, चहूबाजूंनी जमीन असलेले हजारेक वस्तीचे गाव आहे. कारभारी, वैद्य, हुजरे या सर्वांना फजितीचे पाठ आधीच पढवलेले आहेत. जेवणाच्या वेळी वैद्य शेजारी छडी घेऊन उभा राहतो. छडी ज्या ताटाला लागेल ते ताट, सुभेदारांच्या प्रकृतीच्या काळजीपोटी, तत्काळ उचलले जाते. भुकेला सुभेदार अखेर वैद्याच्या डोक्यात खुर्ची घालण्याची धमकी देतो.

न्यायदानाच्या पहिल्याच बैठकीत दोन म्हातारे येतात. एकाने दुसऱ्याला दहा सोन्याची नाणी उसनी दिली होती. घेणारा म्हणतो, मी ती फेडली. शपथ घेताना अडचण नको म्हणून तो हातातली काठी सावकाराकडे धरायला देतो, सुभेदारांच्या न्यायदंडावर हात ठेवून ‘ती नाणी मी याच्या हाती परत दिली आहेत’ अशी शपथ घेतो आणि काठी परत घेऊन चालू लागतो. सावकारही, आपलीच आठवण चुकली असेल म्हणून, गप्प राहतो. सांचो नाकावर बोट ठेवून क्षणभर विचार करतो, काठीवाल्या म्हाताऱ्याला माघारी बोलावतो आणि काठी सावकाराला देऊन सांगतो, “जा, तुझे पैसे मिळाले.” काठी फोडल्यावर आतून दहा नाणी निघतात. मला आवडतो तो सांचोचा खुलासा: असा एक दाखला गावच्या पाद्र्याकडून ऐकला होता आणि तो लक्षात राहिला, इतकेच. पुढे तो खाद्यपदार्थांची साठेबाजी बंद करतो, जोड्यांच्या किमती उतरवतो. पढवलेला कारभारीच कबूल करतो की थट्टा खरी ठरते आणि थट्टा करणाराच फसतो.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, तेव्हा जाहीर केलेला मुद्दा आता थोडक्यातच मांडावा लागेल. कार्निव्हलमध्ये विदूषकाला राजा करतात आणि मग मारून-झोडून खाली उतरवतात, या विधीवर रशियन समीक्षक मिखाईल बाख्तीन यांनी बरेच लिहिले आहे. सांचोची कथा त्याच साच्यात बसते: शेवटच्या रात्री खोट्या हल्ल्याचा गोंधळ उठतो, त्याला दोन ढालींच्या मध्ये बांधतात आणि माणसे त्याला तुडवत जातात. पण एवढ्यावरून ‘वरचा खाली, खालचा वर, म्हणून बंड’ असे म्हणता येत नाही, कारण हा उलटा दरबार ड्यूकनेच भरवला आहे.

टीकेचे मर्म प्रकरणांच्या मांडणीत आहे. सांचोच्या दरबाराची प्रकरणे चालू असताना मध्येच, अठ्ठेचाळिसाव्या प्रकरणात, दोन्या रोद्रिगेस ही ड्यूकच्या वाड्यातली वृद्ध दासी आपले गाऱ्हाणे सांगते. एका श्रीमंत शेतकऱ्याच्या मुलाने लग्नाचे वचन देऊन तिच्या मुलीला फसवले आहे. ती ड्यूककडे पुनःपुन्हा दाद मागते आणि तो कानाडोळा करतो, कारण त्या मुलाचा बाप ड्यूकला पैसे उसने देतो आणि त्याच्या कर्जाला जामीन राहतो. एकीकडे खोटा सुभेदार उसन्या पैशांचा तंटा सोडवतो आहे आणि दुसरीकडे खरा धनी उसन्या पैशांपायी न्याय नाकारतो आहे. दोन्ही प्रकरणे शेजारी ठेवल्यावर सर्व्हांतेसला वेगळे भाष्य करण्याची गरज उरत नाही.

मर्यादाही त्यानेच दाखवली आहे. या गाऱ्हाण्यापायी दोन किहोते आणि तो मुलगा यांच्यात द्वंद्व ठरते. खरा आरोपी पळालेला असतो, म्हणून ड्यूक तोसिलोस नावाच्या नोकराला त्याच्या जागी सरदाराच्या वेशात उभा करतो. हा नोकर ठरलेला खेळ सोडून मुलीशी लग्न करायला तयार होतो. दोन किहोते आणि सांचो हे पाहुणे निघून गेल्यावर ड्यूक त्याला शंभर फटके मारवतो, मुलगी जोगीण होते आणि तिची आई कास्तीयला परतते. सांचोला मात्र ड्यूक मिठी मारतो, कारण पद सोडून त्याने खेळ ड्यूकच्या सोयीने संपवलेला असतो.