टार्गेट कॉस्ट म्हणजे नुसती वजाबाकी नाही

नमस्कार. आज एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊया, कारण टार्गेट कॉस्टिंगची व्याख्या सगळ्यांना पाठ असते आणि आकडे मांडायला बसलं की तिथेच गाडी अडते.

व्याख्या एका ओळीची आहे. बाजारात जी किंमत मिळणार आहे त्यातून हवा तेवढा नफा आधी बाजूला काढायचा, उरेल त्यात वस्तू बसवायची. जपानमध्ये टोयोटाने १९६० च्या दशकात ही पद्धत पक्की केली, ते तिला गेन्का किकाकु म्हणतात. यात खर्चाचा विचार डिझाइनच्या टेबलावर होतो, कारण ड्रॉइंग पक्कं झालं, साचे बनले की बहुतेक खर्च ठरूनच जातो, मग कारखान्यात कितीही काटकसर करा, हाताला फार काही लागत नाही.

आता आपलं उदाहरण. बॅटरीवर चालणारा, हातात धरायचा छोटा ब्लेंडर घेऊ. नाणं कुठलंही धरा. टॅक्स आणि डीलरचं मार्जिन जाऊन कंपनीच्या हातात एका नगामागे १००० येतात. मॅनेजमेंटला विक्रीवर २० टक्के नफा हवाय. म्हणजे खर्चाला उरले ८००. इथे पहिली चूक होते ती अशी की कोणीतरी २० टक्के खर्चावर धरतो, १००० ला १.२ ने भागतो आणि ८३३ आणतो. एका नगामागे ३३ चा फरक सुरुवातीलाच पडला, आणि पुढचं सगळं गणित त्या चुकीच्या पायावर उभं राहतं. त्यामुळे मार्जिन कशावर आहे हे मीटिंगमध्ये लिहूनच घ्या.

आता डिझाइनवाले सांगतात की सध्याच्या ड्रॉइंगप्रमाणे बनवायचा आणि पाठवायचा खर्च ६१० येतोय. मोटर १८०, बॅटरी आणि चार्जिंग १४०, बॉडी १२०, जार आणि ब्लेड ७०, जोडणी आणि टेस्टिंग ६०, पॅकिंग आणि वाहतूक ४०. टार्गेट ८०० आणि खर्च ६१०, सगळे खुश, १९० वाचतायत की! आणि नेमकं इथेच मला थांबायचंय.

कारण ते ८०० फक्त बनवण्यासाठी नाहीत. ते त्या वस्तूच्या पूर्ण आयुष्यासाठी आहेत, डोक्यात आयडिया आली तेव्हापासून शेवटचा स्पेअर पार्ट विकला जाईपर्यंत. आणि दुसरी गोष्ट म्हणजे किंमत आयुष्यभर १००० राहत नाही, दुसऱ्या वर्षी कॉम्पिटिशन येतं, तिसऱ्या वर्षी किंमत उतरते.

म्हणून आयुष्य मांडू. चार वर्षं विक्री धरूया. पहिल्या वर्षी १० हजार नग आणि दुसऱ्या वर्षी ४० हजार, दोन्ही वर्षी किंमत १०००. तिसऱ्या वर्षी ३० हजार, किंमत ९००. चौथ्या वर्षी २० हजार, किंमत ८००. एकूण १ लाख नग आणि विक्री ९.३० कोटी. त्यातला २० टक्के नफा काढला की आयुष्यभराच्या खर्चाला उरतात ७.४४ कोटी. म्हणजे नगामागे ७४४, ८०० नाही. नुसती किंमत उतरली तेवढ्यानेच ५६ गेले.

आता त्या ७.४४ कोटीतून कारखान्याबाहेरचा खर्च काढा. डिझाइन आणि प्रोटोटाइप ६० लाख, साचे ५० लाख, लाँचची जाहिरात ७० लाख. वॉरंटीत ४ टक्के नग परत येतील आणि दर परतीला ५०० लागतील असं धरलं तर नगामागे २०, म्हणजे २० लाख. शेवटी वस्तू बंद करताना उरलेला स्टॉक, स्पेअर ठेवणं, त्याला १४ लाख. बेरीज २.१४ कोटी. बनवायला आणि पाठवायला राहिले ५.३० कोटी, नगामागे ५३०.

म्हणजे जो माणूस १९० वाचले म्हणत होता त्याचा नग खरंतर ८० ने महाग आहे. तसाच बाजारात नेला तर नफा होतो १.०६ कोटी, म्हणजे साधारण ११ टक्के. तोटा नाही, म्हणून कोणाला लवकर कळतही नाही.

मग ८० कुठून काढायचे? सगळ्या पार्टवर सरसकट टक्के कापायचे नाहीत. ग्राहकाला कशाची किती किंमत आहे ते विचारून, त्याच्या शेजारी आपण त्यावर किती खर्च करतोय ते लिहायचं. समजा विचारल्यावर कळलं की लोक एका चार्जमध्ये १० वेळा वापर मागतात आणि आपण बॅटरी २० वापरांची दिलीय. ती लहान केली, ३० कमी. बॉडीला १४ स्क्रू होते, ते काढून क्लिपने बसणारी बॉडी केली, १८ कमी झाले, जोडणीतही १२ कमी, पण साच्याला ६ लाख जास्त लागले, म्हणजे नगामागे ६ परत गेले. मोटरच्या मापांतला जो काटेकोर टॉलरन्स कामाला लागतच नव्हता तो सप्लायरसोबत बसून सैल केला, १४. पॅकिंग ८. एकूण ८२ सुटले, खर्च ५२८ वर आला. पण साच्यामुळे बनवायच्या खर्चाची परवानगी ५३० ची ५२४ झालीय. अजून ४ बाकी.

आता मोह होतो. कोणीतरी म्हणतं, स्वस्त स्विच लावा, ६ वाचतील. लावा, पण परत येणारे नग ४ वरून ६ टक्के झाले तर २ टक्के गुणिले ५००, नगामागे १० चा खर्च वाढला. पर्चेसचा रिपोर्ट ६ ची बचत दाखवणार आणि तो तोटा सर्व्हिसच्या खात्यात जाणार, दोन्ही एका कागदावर कोणीच बघत नाही. माझ्या मते टार्गेट कॉस्टिंग बहुतेक वेळा असंच फसतं.

उलटं करून बघू. जारच्या जोडावर चांगली गॅस्केट, २ जास्त. गळती थांबली आणि परती ४ वरून २.६ टक्क्यांवर आल्या तर वॉरंटी २० ची १३ झाली, ७ वाचले. आता बनवायचा खर्च ५३० आणि परवानगी ५३१. बसलं. खर्च वाढवून बसलं हे लक्षात घ्या. अर्थात हा परतीचा दर टेस्टिंगमधून आलेला हवा, कोणाच्या अंदाजावर सोडायचा नाही.

एक मर्यादा मात्र आहेच. हे सगळं १ लाख नगांवर उभं आहे. लाँच उशिरा होऊन १००० च्या किमतीचे १० हजार नग गेले तर? डिझाइन, साचे, जाहिरात तेवढीच राहते, पण वाटून घ्यायला नग ९० हजारच, आणि परवानगी ५३१ वरून साधारण ५०३ वर येते. एवढ्या कष्टाने ८० काढले आणि त्यातले २८ कॅलेंडरने खाल्ले. शिवाय डिझाइन-साच्याचे पैसे आधी जातात आणि विक्री नंतर येते, तेव्हा व्याज धरलं तर टार्गेट अजून घट्ट होतं, ते मी आज मांडलं नाही. म्हणून नगांच्या आकड्यावर सेल्सवाल्यांची सही घ्या आणि १० टक्के कमी आकड्याने टार्गेट पुन्हा काढून तोही आकडा डिझाइनवाल्यांना त्याच दिवशी द्या, साचा ऑर्डर करायच्या आधी.