पीडीएफ मोबाइल नीट वाचत नाही? आधी एक ओळ कॉपी करून बघा

नमस्कार. या माझ्या भाचीच्या इतिहासाच्या नोट्स, क्लासमधून आलेली पीडीएफ. ती दहावीत आहे, तिला लो व्हिजन आहे. बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून ती टॉकबॅक, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारी मोबाइलमधली सोय, लावून ऐकते. आता हे पान ऐका.

(टॉकबॅकचा आवाज)

काही कळलं? मध्येच इंग्रजी अक्षर, मध्येच कंस. महिनाभर आम्हाला वाटत होतं की मोबाइलच बिघडलाय. खोट फाइलमध्ये होती.

कितीतरी मराठी मजकूर अजून जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये टाइप होतो. पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आत साठवलेलं असतं भलतंच अक्षर. डोळ्याला फरक कळत नाही, टॉकबॅक मात्र आतलं वाचतं. ओळखायचं कसं? फाइलमधली एक ओळ कॉपी करा आणि व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवा. मराठी उमटलं तर फाइल चांगली. अगम्य चिन्हं आली तर फॉन्ट जुना. ओळ निवडताच येत नसेल, तर पान नुसता फोटो आहे.

या दोन्हींवर उपाय एकच, फक्त फॉन्ट जुना असेल तर आधी पानांचे स्क्रीनशॉट काढा आणि पीडीएफऐवजी तेच वापरा. फाइल गूगल ड्राइव्हवर टाका, कॉम्प्युटरवर तिच्यावर राइट क्लिक करा, Open with आणि मग Google Docs निवडा. चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर तयार होतो. फाइल मोठी असेल तर थोडी थोडी पानं घ्या. पण एवढ्यावर थांबू नका, कुणीतरी मूळ पानाशी ताडून बघायलाच हवं. रफार आणि जोडाक्षरं चुकतात, आकडेही. आमच्याकडे १९४२ चं ११४२ झालं होतं, आणि ते ऐकणाऱ्या मुलीला चूक कळणार कशी?

आता हाच मजकूर मोठ्या अक्षरात छापता येतो. झेरॉक्सवाले ए-फोरचं ए-थ्री करून देतात, त्यात अक्षर जेमतेम १.४ पट होतं. १० पॉइंटचं १४. वर कागद बाकावर मावत नाही. आम्ही ए-फोरवरच २० पॉइंट, दीडपट ओळ-अंतर ठेवलं. तिला ते सलग वाचता आलं.

म्हणून शाळेला अर्ज करताना ‘मोठ्या अक्षरातली प्रश्नपत्रिका द्यावी’ एवढंच लिहू नका. किती पॉइंट, कुठला कागद ते लिहा आणि असं एक नमुना पान जोडा. केंद्र सरकारच्या २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांत ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्यांना लेखी परीक्षेत तासाला किमान २० मिनिटं जादा द्यायला सांगितलं होतं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. तेही त्याच अर्जात मागा. प्रमाणपत्र ४० टक्क्यांखालचं असेल तरी अर्ज कराच: तेवढ्याच कारणावरून लेखनिक नाकारता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सांगितलंय.

अर्ज वर्षाच्या सुरुवातीलाच द्या, म्हणजे घटक चाचणीपासून तो कागद तपासून बघता येईल. आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या.