पाचूच्या पोटातलं तेल

मंडळी, सोलापूरकरांना शेंगदाण्याचं तेल काय असतं ते मी सांगायला नको. चटणीपासून फोडणीपर्यंत सगळीकडं तेच. म्हणून आज येताना घरातूनच वाटीभर आणलंय. ही प्रयोगशाळेतली काचनळी. बघा, नळी तेलात बुडवतोय, आणि नळीतही तेल ओततोय. मागच्या रांगेत दिसतंय का? बुडालेला भाग नाहीसा झाला. काच तिथंच आहे, पण या काचेत आणि या तेलात प्रकाश जवळजवळ सारखाच वाकतो, म्हणून त्यांच्या सीमेवरून तो परत फिरत नाही, आणि डोळ्याला काही दिसत नाही. एवढं लक्षात ठेवा, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

दोन वर्षांपूर्वी एक बाई माझ्याकडं आल्या. सासूबाईंनी दिलेली पाचूची अंगठी, करंगळीतली, बुधाची. पस्तीस वर्षं घरात होती. नातवाच्या मुंजीआधी चमक यावी म्हणून त्यांनी ती एका दुकानात स्वच्छ करायला दिली. तिथं ती अल्ट्रासॉनिक मशीनच्या गरम साबणपाण्यात टाकली. हिऱ्याला ते चालतं. अंगठी बाहेर आली तेव्हा खड्यात पांढऱ्या कोळिष्टकासारख्या रेघा. दुकानदार म्हणाला, ‘खडा खोटा निघाला.’ घरी गेल्यावर प्रश्न उठला, की सासूबाईंनी फसवलं का? त्या हयात नाहीत, उत्तर कोण देणार? बाईंचे डोळे भरून आले होते. मला आजही त्या दुकानदाराचा राग येतो. चूक मशीनची, आणि बट्टा गेलेल्या माणसाच्या नावाला.

मी दहापट दाखवणारं भिंग लावलं. खड्याच्या आत एक छोटी पोकळी होती. तिच्यात द्रव, द्रवात वायूचा बुडबुडा आणि शेजारी मिठाचा चौकोनी स्फटिक. कोलंबियाच्या मुझो आणि चिवोर खाणींच्या पाचूत असं त्रिकूट सापडतं. ज्या खारट पाण्यातून तो पाचू तयार झाला, त्याचाच थेंब आत अडकलेला. झांबियाच्या खड्यात बहुधा अभ्रकाच्या काळसर चकत्या दिसतात. या खुणांच्या पसाऱ्याला जाणकार ‘बाग’ म्हणतात. खडा अस्सल होता.

मग रेघा कुठून आल्या? पाचू हा बेरिल या खनिजाचा प्रकार. त्याला क्रोमियम, व्हॅनेडियममुळं हिरवा रंग येतो. कोलंबियाचे पाचू घडताना खडकात मोठी उलथापालथ झाली, म्हणून त्यांत भेगा असतात, आणि त्यांतल्या बऱ्याच पृष्ठभागापर्यंत पोचतात. मोकळ्या भेगेत हवा. पाचू आणि हवा यांच्या सीमेवरून सरळ पडलेल्या प्रकाशाचाही सुमारे पाच टक्के भाग परत फिरतो. तिरपा पडला तर पूर्णही. ती भेग आरशासारखी पांढरी चमकते. त्यात देवदार जातीच्या झाडाचं तेल भरलं, की हाच भाग शंभरपटीहून कमी होतो. पाचूचा प्रकाश वाकवण्याचा अंक १.५७ च्या आसपास, तेलाचा सुमारे १.५१. मघाच्या नळीइतकी तंतोतंत जुळणी नाही, पण डोळ्याला पुरते. मशीननं हेच तेल बाहेर काढलं होतं.

खडा जयपूरला पाठवला. जुना मळ काढून निर्वात भांड्यात भेगांमधली हवा ओढली आणि कोमट तेल भरलं. तीन आठवड्यांनी हिरवा रंग परतला. पण कडेची एक भेग मशीनच्या कंपनांनी लांबली होती. तेलानं ती झाकली, सांधली नाही. तेल भेग जोडत नाही.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं उरली. वापराचं भराभर सांगतो.

तेल भरणं व्यापारात मान्य आहे, फक्त किती भरलंय ते बिलावर लिहून घ्या. हिरवा रंग घातलेलं तेल मात्र फसवणूकच. राळ भरलेली असेल तर खडा फिरवताना भेगेत निळी-नारिंगी चमक दिसू शकते. तेही विचारा.

पाचूचा कठीणपणा साडेसात ते आठ, त्यामुळं तो लवकर घासला जात नाही. भीती आदळण्याची. भाकरी थापताना तो परातीवर आपटतो, म्हणून आधी अंगठी काढा. स्वयंपाक, भांडी, ब्लीच, ॲसिटोन असलेला नेलपॉलिश रिमूव्हर, सगळ्यांपासून दूर ठेवा.

धुताना वाटीत साधं पाणी घ्या. मे महिन्यात दुपारी गच्चीवरच्या टाकीचं पाणी पोळतं, ते नको, आणि माठातलं गारही नको. रात्री भरून ठेवलेलं चालेल. सौम्य साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश. बुधाच्या अंगठीचं कोंदण खालून उघडं असतं, मळ तिथंच साचतो, म्हणून मागून घासा. भिजत घालू नका. मऊ फडक्यानं टिपा.

आणि अंगठी सैल किंवा घट्ट करायची असेल, तर सोनाराला आधी सांगा: खडा काढून ठेवा, मगच ज्योत लावा.