चौदावा दिवस कुठून मोजायचा?

पुस्तकातल्या ऋतुचक्राच्या तक्त्यावर १ ते २८ दिवस आडवे मांडलेले असतात आणि बरोबर मधोमध, १४व्या दिवसावर, ‘अंडमोचन’ असं लिहिलेलं असतं. तुम्ही तो आकडा पाठ करता, परीक्षेत लिहिता आणि गुणही मिळतात. आज मला या १४ बद्दलच बोलायचं आहे. कारण चक्र २८ दिवसांचं असेल तरच हा आकडा जुळतो. निरोगी स्त्रियांमध्ये २४ दिवसांचं चक्र असतं, तसंच ३५ दिवसांचंही असतं. मग ३५ दिवसांच्या चक्रात अंडपेशी कधी बाहेर पडते?

याचं उत्तर शोधायला आधी अंडाशयात काय घडतं ते पाहू. रक्तस्राव सुरू होतो तो पहिला दिवस. गर्भाशयाचं जुनं अस्तर गळून पडत असतं आणि त्याच वेळी मेंदूच्या तळाशी असलेली पियुषिका ग्रंथी पुटिका ग्रंथी संप्रेरक, म्हणजे एफएसएच, रक्तात सोडत असते. त्याच्या प्रभावाने अंडाशयातल्या काही पुटिका एकाच वेळी वाढू लागतात. प्रत्येक पुटिकेत एक अंडपेशी असते आणि तिच्याभोवतीच्या पेशी इस्ट्रोजेन तयार करतात. या इस्ट्रोजेनमुळे गर्भाशयाचं अस्तर पुन्हा जाड होऊ लागतं.

इस्ट्रोजेन वाढलं की ते पियुषिकेला आवर घालतं आणि एफएसएच कमी होतं. त्यामुळे बहुतेक पुटिकांची वाढ खुंटते. जी पुटिका सर्वांत पुढे गेलेली असते तिला मात्र कमी एफएसएचही पुरतं, कारण ते टिपणारी ग्राहके तिच्यावर जास्त असतात आणि तिच्याकडे रक्तपुरवठाही जास्त असतो. म्हणून साधारणपणे दर चक्रात एकच अंडपेशी पक्व होते.

पुढची पायरी मला सगळ्यात विलक्षण वाटते. इतके दिवस पियुषिकेला आवरणारं इस्ट्रोजेन, त्याची पातळी बरीच वाढून सुमारे दोन दिवस तशीच टिकली, तर उलटा परिणाम करतं. पियुषिकेला ते उत्तेजित करतं आणि ल्युटीनायझिंग संप्रेरक, म्हणजे एलएच, एकदम उसळतं. तक्त्यावर जो उंच, अणकुचीदार सुळका दिसतो तो हाच. हा सुळका सुरू झाल्यापासून साधारण ३६ तासांत पुटिका फुटते आणि अंडपेशी बाहेर पडते. पियुषिका दिवस मोजत नाही. पुटिका पक्व झाली, इस्ट्रोजेन पुरेसं वाढलं, तरच एलएच उसळतं. पुटिकेला पक्व व्हायला जितके दिवस लागतील, तितका हा टप्पा लांबतो. आजारपण, मोठा ताण किंवा फार कमी आहार यांमुळेही तो लांबू शकतो.

अंडमोचनानंतरचा टप्पा मात्र बराच ठरावीक असतो. फुटलेल्या पुटिकेचं पीतपिंड बनतं. ते प्रोजेस्टेरॉन तयार करतं आणि अस्तर गर्भाच्या रोपणासाठी सज्ज होतं. अंडपेशीचं फलन झालं नाही तर पीतपिंड साधारण १४ दिवसांत विरून जातं. प्रोजेस्टेरॉन खाली येतं, अस्तर टिकत नाही आणि पाळी येते. हा टप्पाही १२ ते १६ दिवस असा थोडा मागेपुढे होतो, पण पहिल्या टप्प्याइतका नाही. जपानमधले स्त्रीरोगतज्ज्ञ क्यूसाकु ओगिनो यांनी १९२४ मध्ये नेमकं हेच मांडलं होतं: अंडमोचन पुढच्या पाळीच्या १२ ते १६ दिवस आधी होतं. त्यांनी मोजणी उलट्या बाजूने केली आणि गुंता सुटला.

आता ३५ दिवसांच्या चक्राचा तक्ता काढू. शेवटापासून १४ दिवस मागे गेलो की २१वा दिवस येतो.

दिवस १ ते ५: रक्तस्राव. इस्ट्रोजेन, प्रोजेस्टेरॉन दोन्ही कमी.
दिवस ६ ते १८: पुटिकेची सावकाश वाढ. इस्ट्रोजेन चढतं, अस्तर जाड होतं.
दिवस १९ ते २०: इस्ट्रोजेन शिखरावर, मग एलएचचा सुळका.
दिवस २१: अंडमोचन.
दिवस २२ ते २८: पीतपिंड कार्यरत. प्रोजेस्टेरॉन चढून शिखरावर.
दिवस २९ ते ३५: फलन झालं नसेल तर प्रोजेस्टेरॉन उतरतं. पुढच्या दिवशी नवं चक्र.

२८ दिवसांच्या तक्त्याशेजारी हा ठेवून बघा. उजवीकडचा भाग जवळजवळ सारखाच दिसेल. ताणला गेला आहे तो डावीकडचा.

पण एक मर्यादा लक्षात ठेवा. शेवटापासून मोजायचं तर शेवट आधी कळायला हवा, आणि तो पाळी आल्यावरच कळतो. त्यामुळे या हिशोबाने झालेलं अंडमोचन ओळखता येतं, होणाऱ्याची तारीख खात्रीने सांगता येत नाही. शरीराच्या तापमानाचंही तसंच. प्रोजेस्टेरॉनमुळे सकाळचं तापमान ०.३ ते ०.५ अंश सेल्सिअसने वाढतं, पण ते वाढतं अंडपेशी बाहेर पडल्यानंतर. पाळी सुरू झाल्यानंतरच्या पहिल्या एक-दोन वर्षांत तर अनेक चक्रांमध्ये अंडमोचन होतच नाही. मग पीतपिंड नाही, प्रोजेस्टेरॉनही नाही, आणि पाळी कधी लवकर, कधी फार उशिरा येते. तुमच्या वयाच्या मुलींनी यामुळे घाबरू नये. मात्र तीन महिने पाळी आलीच नाही किंवा रक्तस्राव फार होत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं.

आता फलनाकडे वळू. बाहेर पडलेली अंडपेशी अंडनलिकेत शिरते आणि जेमतेम १२ ते २४ तास फलनक्षम राहते. शुक्रपेशी मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून गर्भधारणा होऊ शकेल असा काळ अंडमोचनाचा दिवस आणि त्याआधीचे पाच, असा सहा दिवसांचा असतो. आपल्या ३५ दिवसांच्या तक्त्यावर तो १६ ते २१ असा रंगवा. १४वा दिवस त्यात येतही नाही.

फलन गर्भाशयात होतं असं पुष्कळ जण लिहितात. ते होतं अंडनलिकेच्या रुंद भागात. कोट्यवधी शुक्रपेशींपैकी तिथपर्यंत काही शेकडाच पोचतात. एक आत शिरली की अंडपेशीचं बाहेरचं आवरण बदलतं आणि दुसरीला वाट मिळत नाही. याच क्षणी अंडपेशी आपलं अर्धसूत्री विभाजन पूर्ण करते. हे विभाजन ती स्त्री स्वतः आईच्या पोटात असतानाच सुरू होऊन थांबलेलं असतं. मग दोन्ही केंद्रकांतली प्रत्येकी २३ गुणसूत्रं एकत्र येऊन युग्मनज तयार होतो.

विभाजित होत होत तो गर्भाशयाकडे सरकतो आणि फलनानंतर साधारण सहा-सात दिवसांनी अस्तरात रुजू लागतो. इथे वेळेला फार महत्त्व आहे, कारण पीतपिंडाकडे आता थोडेच दिवस उरलेले असतात. रुजणारा गर्भ एचसीजी नावाचं संप्रेरक सोडतो. त्याचं काम एलएचसारखंच असल्याने पीतपिंड विरत नाही, प्रोजेस्टेरॉन तयार करत राहतं आणि अस्तर टिकतं. पाळी चुकते ती यामुळे, आणि गर्भधारणेच्या चाचणीत शोधलं जातं तेही हेच एचसीजी. तक्त्यावर हे दाखवायचं असेल तर २९व्या दिवसापासून प्रोजेस्टेरॉनची रेषा खाली न आणता वरच पुढे न्या. आणखी काही आठवड्यांनी ते तयार करण्याचं काम पीतपिंडाकडून अपरेकडे जातं.