खिडकीचे माप: तीन जागा, एक आकडा

अमळनेर तालुक्यातील एका जुन्या धाब्याच्या घराची ही खिडकी. मूळची लाकडी चौकट काढून टाकल्यानंतर भिंतीच्या कडांना सिमेंटचे प्लास्टर झाले आहे, आणि त्या कडांच्या आत ॲल्युमिनियमच्या चौकटीची डासांची जाळी बसवायची आहे. नजरेला ही जागा अगदी काटकोनी दिसते. टेप लावल्यावर मात्र वेगळेच समोर येते.

प्रथम रुंदी पाहू. वरच्या कडेपासून सुमारे दोन इंच खाली ४७ इंच ६ सूत, मध्यावर ४७ इंच ३ सूत आणि खालच्या कडेपासून दोन इंच वर ४७ इंच ५ सूत. एका इंचाचे आठ सूत, म्हणजे एकाच खिडकीत तीन सुतांचा फरक निघाला. गवंड्याचा हात मध्यावर जरा जाड फिरला की प्लास्टरला असे पोट येते, आणि म्हणूनच केवळ वर व खाली माप घेऊन भागत नाही. उंचीही डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशीच घ्यावी. जुन्या घरांत खिडकीवरची लाकडी तुळई मध्यभागी खाली वाकलेली असेल, तर उंचीचे सर्वांत लहान माप मध्येच सापडते. या खिडकीत ते उजवीकडे सापडले : ४१ इंच २ सूत.

चौकट ताठ असते. भिंतीच्या पोटाला वळसा घालून ती आत जाऊ शकत नाही, म्हणून तिचा आकार सर्वांत अरुंद जागाच ठरवते. रुंदीचे ४७ इंच ३ सूत धरून प्रत्येक बाजूला एक सूत मोकळीक सोडली, की चौकट ४७ इंच १ सुताची होते. वरच्या बाजूला उरणारी फट ब्रशपट्टीने किंवा फोमपट्टीने बंद करता येते, आणि ती बंद करावीच लागते. कारण जाळीचे भोक साधारण दीड मिलिमीटरपेक्षा लहान असताना कडेला त्याहून मोठी फट राहिली, तर डास तिथूनच आत येतात. उलट, चौकट दोन सूत मोठी निघाली तर ती कापून पुन्हा जोडावी लागते, आणि वेल्डिंग केलेल्या लोखंडी ग्रिलच्या बाबतीत तर बहुधा भिंतीलाच छिन्नी लावली जाते. खानदेशातला कडक उन्हाळा लक्षात घेऊन ही मोकळीक सोडतात, असे काही जण मानतात. चार फुटांचे ॲल्युमिनियम तापमान तीस अंशांनी वाढले तरी एक मिलिमीटरही वाढत नाही. मोकळीक लागते ती भिंतीच्या वाकडेपणासाठी.

या नियमाला एक मर्यादा आहे, आणि तापीकाठच्या काळ्या मातीवरील घरांत ती विशेष जाणवते. पावसाळ्यात फुगणारी आणि उन्हाळ्यात आकसणारी ही माती उथळ पायाला हलवते, त्यामुळे खिडकी एका बाजूला कलते. दोन्ही उभ्या कडा सारख्याच कलल्या, तर तिन्ही ठिकाणची रुंदी एकसारखी भरते आणि तरीही काटकोनी चौकट आत बसत नाही. हा दोष कर्ण मोजल्यावरच कळतो. येथे एक कर्ण ६३ इंच ३ सूत आणि दुसरा ६३ इंच भरला. तीन सुतांच्या या फरकाचा अर्थ असा, की उभ्या कडा आपल्या पूर्ण उंचीत सुमारे दोन सूत कलल्या आहेत. सोडलेली मोकळीक तेवढ्यातच संपते. म्हणून आणखी दोन सूत वजा करून चौकटीची रुंदी ४६ इंच ७ सूत ठेवणे सुरक्षित. उंचीतून नेहमीचे दोन सूत वजा केले, की ४१ इंच उरतात.

माप घेताना टेप कोपऱ्यात वाकवून आकडा अंदाजाने वाचण्याची सवय फार घातक आहे, कारण एक-दोन सुतांची चूक तिथेच होते. त्यापेक्षा एका कडेपासून मोजून बरोबर दहा इंचांवर पेन्सिलची खूण करावी, दुसऱ्या कडेपासून त्या खुणेपर्यंत मोजावे आणि दोन्ही आकड्यांची बेरीज करावी. भिंतीच्या जाडीत चौकट जितकी आत बसणार आहे, तिथेच टेप लावावा. भिंत जाड असल्यामुळे आतली आणि बाहेरची रुंदी बहुतेक वेळा वेगळी असते. भिंतीवर बाहेरून चिकटवायच्या वेल्क्रोच्या जाळीला मात्र हा हिशेब लागू नाही, तिथे सर्वांत मोठे माप घेऊन कडेची पट्टी त्यात मिळवायची असते.

कारागिराला कागद देताना आधी रुंदी, मग उंची लिहावी आणि शेजारी ‘हे चौकटीचे माप आहे, मोकळीक वजा केली आहे’ असे स्पष्ट नोंदवावे. ही नोंद नसली, तर तो आपल्या सवयीप्रमाणे पुन्हा दोन सूत वजा करतो, आणि पट्टीने झाकता येईल त्याहून मोठी फट चौकटीभोवती उरते.