लाभार्थी कोण?
(राष्ट्रीय सेवा योजनेच्या सात दिवसांच्या विशेष शिबिराच्या समारोपात कार्यक्रम अधिकाऱ्यांनी केलेल्या भाषणाचं संपादित रूप)

सरपंचताई, मुख्याध्यापक सर, आणि सात दिवस आमचा गोंगाट सोसलेल्या समस्त मंडळींनो, नमस्कार.

सूत्रसंचालक मुलीने मला दोन गोष्टी दिल्या आहेत. एक आभाराची यादी आणि दुसरी ताकीद, की बस साडेबाराला निघणार. नाल्यावरचा बंधारा आजपासून तुमच्या ताब्यात. तो पावसाळ्यापर्यंत कसा सांभाळायचा, हे मला नीट सांगायचं आहे. ते सांगतोच. पण आधी एक तक्रार करतो, आणि ती तुमच्याबद्दल नाही.

शिबिर संपलं की आम्हाला अहवाल भरावा लागतो. त्यात एक रकाना असतो, ‘लाभार्थ्यांची संख्या’. तिथे गावची लोकसंख्या टाकून मोकळं व्हायचं, असा रिवाज आहे. पहिल्या वर्षी मीही तेच केलं. दुसऱ्या वर्षी तिथे शिबिरार्थींचा आकडा लिहिला, तर अहवाल परत आला. शेरा होता, ‘कृपया दुरुस्ती करावी’. दुरुस्तीच केली होती हो मी! (हशा) ही योजना 24 सप्टेंबर 1969 ला सुरू झाली, गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षात. मुलांनी पुस्तकाबाहेर जाऊन गावाकडून काही शिकावं, हाही तिच्यामागचा हेतू होता. मग शिकणारा लाभार्थी का शिकवणारा? यंदाच्या अहवालात काय लिहिणार ते सांगतो, पण त्यासाठी मंगळवारची गोष्ट सांगायला हवी. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी पुन्हा ऐका. मुलांनो, हसू नका, तुमचीच आहे.

सोमवारी आमच्या पोरांनी दुपारपर्यंत दीडशेच्या आसपास पोती नाल्यात रचली. सिमेंटची रिकामी पोती, त्यात नाल्यातलीच वाळू ठासून भरलेली आणि सुतळीने शिवलेली. भिंत गुडघ्याच्या वर गेली. फोटो निघाले, ‘वनराई बंधारा पूर्णत्वाकडे’ असा मजकूरही तयार झाला. मंगळवारी सकाळी जाऊन बघतो, तर भिंत जागेवर उभी, वरच्या बाजूला पाणी मात्र जेमतेम वीतभर. खालच्या बाजूला नाला आपला निवांत वाहतोय. पोरं म्हणाली, सर, फटी राहिल्यात, आणखी पोती टाकू.

पलीकडच्या काठावर आपले आजोबा शेळ्या घेऊन उभे होते. नाव घेतलेलं त्यांना चालत नाही, म्हणून घेत नाही. ते काही बोलले नाहीत. चप्पल काढून भिंतीच्या वरच्या अंगाला पाण्यात उतरले, आणि उजव्या काठाशी पायाने तळ ढवळला. खाली काही नाही. मधोमध ढवळला. तरी खाली काही नाही. डाव्या काठापासून दोन हातांवर ढवळला मात्र, आणि थोड्याच वेळात भिंतीच्या खालच्या बाजूला गढूळ धार निघाली. तीही पोत्यांच्या सांध्यातून नाही, पोत्यांच्या बुडाखालून! आजोबा एवढंच म्हणाले, “वाळूवर मांडलंय व्हय? मग वाळूतनंच जाणार की.”

मी भूगोल शिकवतो. वाळूतून पाणी झिरपतं, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. पण वर शंभर थर चढवले तरी तळातली वाट बंद होत नाही, उलट पाण्याचा दाब वाढून ती रुंदच होते, हे त्या सकाळी चिखलात उभं राहून कळलं.

सगळी पोती उतरवावी लागली. तेव्हा मुलांची तोंडं बघायला हवी होती! एकाने मला विचारलं, सर, काढण्याचेही तास धरणार ना? वर्षाला 120 तास भरायचे असतात त्यांना, हिशेब पक्का असतो. (हशा) मग दोन फूट वाळू उपसली, तेव्हा कुठे मुरूम लागला. दोन्ही काठांतही हातभर आत खांदलं, कारण पाणी काठाला वळसा घालूनही निसटतं. पोती कशी भरायची ते या मावशींनी दाखवलं. ठासून भरलेलं पोतं धोंड्यासारखं बसतं, शेजारच्याशी जुळत नाही. पाऊण भरलं तर उशीसारखं दबून फट बुजवतं. शिवाय ओल्या वाळूचं भरगच्च पोतं पन्नास किलोच्या वर जातं. आमच्यातले तिघं सोमवारी कमरेला हात लावून बसले होते, त्याचं कारणही तेच. आणि गाळाची चिकणमाती तुमच्याच बैलगाड्यांतून आली. ती वरच्या अंगाला लिंपली, तेव्हा शुक्रवारी पाणी छातीला लागलं.

आता हे अहवालात कुठल्या रकान्यात घालू? (घंटा वाजते.) हो, ऐकू आली.

एक गोष्ट मात्र घाईत सांगणार नाही. रात्रीचं जेवण घरोघरी, दोघा-दोघांनी जायचं आणि घरं चिठ्ठ्या टाकून ठरवायची, हा माझा हट्ट होता. कोण कुठे जेवणार, हे आडनावावरून ठरू नये म्हणून. पहिल्या रात्री दोन-तीन दारांत थोडी कुजबुज झाली, हे मला माहीत आहे आणि तुम्हालाही. तिसऱ्या रात्री त्यांतल्याच एका घरातून निरोप आला, की कालचीच पोरं पाठवा, धाकटीचं गणित अर्धं राहिलंय. चिठ्ठीचा नियम मी त्या एका घरापुरता मोडला. त्या घरातल्या माउलीचे आभार या यादीत नाहीत, म्हणून इथे मानतो.

आता बंधारा. चालक हॉर्न वाजवतोय, तेव्हा भराभर ऐका.

खालच्या बाजूला स्वच्छ पाणी पाझरलं तर घाबरू नका, थोडं पाझरणारच. गढूळ यायला लागलं तर मात्र त्याच दिवशी बघा, कारण गढूळ म्हणजे पाणी माती घेऊन चाललंय. कुठून ते आजोबांच्या पद्धतीने शोधा आणि वरच्या अंगाला चिकणमाती दाबा. मधला भाग एक थर खाली ठेवलाय, ती आमची चूक नाही. जास्तीचं पाणी मधूनच सांडावं, काठ कापू नये म्हणून तो तसा आहे. तिथे पोतं टाकून तो ‘नीट’ करू नका. पाणी पडतं तिथले दगड हलले तर परत रचा, नाहीतर खाली खड्डा पडून भिंतच त्यात बसेल. गुरं वरून नेऊ नका. उन्हाने पोती विरतात, म्हणून मेअखेरीस, पहिल्या पावसाआधी, ती फोडून वाळू तिथेच सोडा आणि प्लास्टिक बाहेर काढा. पहिल्या पुरात ते फाटून खालच्या शेतांत जातं. त्या कामाला आम्ही येऊ. परीक्षा तेव्हा संपलेल्या असतील, सबब चालणार नाही.

यादीतली नावं मुख्याध्यापक सर वाचतील. शाळेच्या खोल्या झाडल्या आहेत, फळ्यावरची आमची चित्रं तेवढी तुम्ही पुसा, मुलांना पुसवली नाहीत. गावाकडून घेतलेले बारा टिकाव आणि नऊ खोरी पारावर मोजून ठेवली आहेत. घमेली वीस घेतली होती, एकोणीस भरतात. ज्या कोणी ते नाल्यात पोत्यांबरोबर रचलं असेल, त्याने बसमध्ये बसायच्या आधी मला येऊन भेटावं.