वाचणाऱ्या आवाजाबरोबर शब्द उजळतात कसे?

नमस्कार! डिजिटल पुस्तकात निवेदन चालू असतं आणि वाचला जाणारा शब्द उजळत जातो. कधी मात्र उजेड एक-दोन शब्द मागेच रेंगाळतो. असं का होतं, ते बघू.

मजकूर आपल्याकडे असतोच. कोणता शब्द कितव्या सेकंदाला आला, एवढंच शोधायचं असतं. याला फोर्स्ड अलाइनमेंट म्हणतात. आधी पुस्तकातल्या प्रत्येक शब्दाभोवती स्पॅन टॅग घालून त्याला आयडी द्यायचा. मग मजकूर आणि ऑडिओ अलाइनरला, म्हणजे हे जुळवणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचे, की तो प्रत्येक शब्दाची सुरुवात आणि शेवट काढून देतो. ईपब ३ या ई-पुस्तकांच्या फॉरमॅटमध्ये या वेळा स्माइल (SMIL) फाइलमध्ये जातात. एका शब्दाची नोंद अशी:

```xml
<par>
  <text src="p1.xhtml#w12"/>
  <audio src="p1.mp3" clipBegin="12.40s" clipEnd="13.55s"/>
</par>
```

हा w12 म्हणजे छापलेलं "१९४७". पुढचा शब्द "साली". निवेदक वाचतो "एकोणीसशे सत्तेचाळीस साली". अलाइनरला मात्र आकडाच दिला, तर त्याचा उच्चार त्याला ठाऊक असेलच असं नाही. मग तो जवळजवळ सव्वा सेकंदाचा आवाज आजूबाजूच्या शब्दांच्या माथी मारतो. म्हणून अलाइनरच्या प्रतीत आकडा अक्षरी लिहा. "एकोणीसशे"ची सुरुवात आणि "सत्तेचाळीस"चा शेवट घेऊन दोन्ही एकाच w12 ला जोडा. पुस्तकातला आकडा तसाच राहू द्या.

आता वेळा बघा. w12 संपतो १३.५५ ला आणि "साली" सुरू होतो १३.८० ला. मधला पाव सेकंद निवेदकाचा श्वास आहे. तो कुठल्याच नोंदीत नसेल, तर काही वाचक-अ‍ॅप थेट पुढच्या शब्दावर उडी मारतात आणि वाचन घाईघाईचं वाटतं. फाइल नुसती चाळून ही चूक सहज लक्षात येत नाही, ऐकून बघावं. उपाय साधा आहे: w12 चा `clipEnd` 13.80s करा.

"व", "ही" असे शब्द वेगळीच गंमत करतात. ब्राउझरवर चालणारी अ‍ॅप ऑडिओची वेळ बऱ्याचदा `timeupdate` या इव्हेंटमधून घेतात, आणि तो पाव सेकंदाच्या अंतरानेही येऊ शकतो. सेकंदाच्या दहाव्या हिश्शात उच्चारलेला "व" तेवढ्यात निसटतो. असा शब्द शेजारच्याबरोबर एकाच स्पॅनमध्ये ठेवलेला बरा.

उजेड चुकतोय हे दिसलं, तर आधी कुठून चुकतोय ते पाहा. पहिल्या शब्दापासूनच गडबड असेल, तर बहुधा ऑडिओच्या सुरुवातीला पुस्तकाचं नाव सांगितलेलं असतं आणि मजकुरात ते नसतं. तेवढा भाग अलाइनरला वगळायला सांगा. मधूनच बिघडून चार-पाच ओळींनी आपोआप जुळत असेल, तर बहुधा तिथे निवेदकाने ओळ गाळलीय किंवा दोनदा वाचलीय. त्या जागेवर ऑडिओ लावा आणि मजकुरावर बोट ठेवून ऐका.